बोटीवर जाण्याआधी: जुना ईमेल पत्ता बंद पडू नये म्हणून काय करावं

पेडण्यापासून सासष्टीपर्यंत, ज्या घरातला एक तरी माणूस बोटीवर आहे त्या घरात एक जुना ईमेल पत्ता हमखास निघतो. म्हापशातल्या नाहीतर पणजीतल्या एखाद्या सायबर कॅफेत पंधरा-वीस वर्षांपूर्वी उघडलेला. बहुतेक याहूचा. रोजचं काम आता जीमेलवर चालतं, म्हणून तो पत्ता विस्मरणात गेलेला असतो. पण जीमेल उघडताना रिकव्हरीसाठी तोच दिलेला असतो, म्युच्युअल फंडाच्या फोलिओवर तोच असतो, आणि मॅनिंग एजंटच्या पोर्टलचं लॉगिनही त्याच्याच नावावर असतं. तो बंद पडला तर लगेच काही बिघडत नाही. बिघडतं ते मोबाइल हरवल्यावर किंवा पासवर्ड विसरल्यावर, आणि तेव्हा माणूस कुठल्यातरी समुद्रात असतो.

हा लेख बोटीवर जाणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. आखातात नोकरी करणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

मुदती तीन आहेत, आणि सगळ्यात छोटी ईमेलची नाही

गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केलं की सलग २ वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं आतल्या मेल, फोटो, ड्राइव्ह अशा सगळ्या ऐवजासकट काढून टाकलं जाऊ शकतं. १ डिसेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने ते सुरू झालं. शाळा, कॉलेज किंवा कंपनीने दिलेल्या खात्याला हा नियम नाही. तिथे संस्थेचा अ‍ॅडमिन ठरवेल ते, म्हणजे पास झालात किंवा नोकरी सोडलीत की ते खातं कधीही जाऊ शकतं. मायक्रोसॉफ्टच्या खात्यालाही साधारण २ वर्षांचीच मुदत आहे.

याहूची मुदत याच्या निम्मी आहे. १२ महिने मेलबॉक्स उघडला नाही की तो निष्क्रिय होतो, आतली मेल पुसली जाते आणि नवी येणारी मेल पाठवणाऱ्याकडे परत जाते. पुसलेली मेल परत मिळत नाही.

या दोन्हींपेक्षा छोटी मुदत मोबाइल नंबरची आहे, आणि ईमेलचा विचार करताना ती कुणाच्या लक्षातच येत नाही. प्रीपेड सिमवरून सलग ९० दिवस कॉल, मेसेज, डेटा असं काहीच झालं नाही तर कंपनी तो नंबर बंद करू शकते. बंद झालेला नंबर पुढचे ९० दिवस कुणाला देत नाहीत. त्यानंतर मात्र तो नव्या गिऱ्हाइकाला जाऊ शकतो. हे ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही सांगितलं आहे.

खातं बंद पडल्यावर पुढे काय होतं, यातही फरक आहे. गूगलने काढून टाकलेला जीमेल पत्ता पुन्हा कुणालाच मिळत नाही, तुम्हालाही नाही. म्हणजे तिथे नुकसान असतं, पण घुसखोरी होत नाही. याहूने २०१३ मध्ये पडून राहिलेली नावं नव्या लोकांना वाटली होती, आणि जुन्या मालकाची मेल नव्याच्या हातात पडू लागली. ते थांबवण्यासाठी याहू आणि फेसबुकला मिळून मेलच्या हेडरमध्ये वेगळी खूण घालायची पद्धत काढावी लागली. मोबाइल नंबर तर नेमाने दुसऱ्याकडे जातो. ज्याच्याकडे तुमचा जुना नंबर गेला, त्याला तुमचे ओटीपी जातील.

एक हिशेब मांडून बघू

माझा आतेभाऊ क्रूझवर असतो, कॉन्ट्रॅक्ट ९ महिन्यांचं. घर पेडण्याला. एकदा तो जायच्या आधी आम्ही कागदावर तारखा मांडल्या. त्या इथे देतो, कारण नुसत्या मुदती वाचून धोका कळत नाही.

जून मध्यावर तो चढणार. निघताना सिमवर २८ दिवसांचं रिचार्ज. ते जुलैच्या मध्याला संपणार, पुढे काही दिवसांत इनकमिंगही थांबणार. सिम घरी कपाटात. रिचार्ज संपल्यापासून मोजलं तरी ऑक्टोबरच्या मध्याला ९० दिवस भरले. नंबर तेव्हाच बंद झाला असं धरलं, तर जानेवारीच्या मध्यापासून तो दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. हा परत येणार मार्चमध्ये, शिगम्याच्या सुमाराला.

आता याहू. शेवटचं कधी उघडलं होतं म्हणून शोधलं, तर फेब्रुवारीत, कसलंसं स्टेटमेंट काढायला. तिथून १२ महिने पुढच्या फेब्रुवारीत भरतात. तेव्हाही तो बोटीवरच.

जीमेलला मात्र काही होणार नव्हतं, कारण तो ते फोनवर रोज वापरतो. पण त्या जीमेलचा रिकव्हरी फोन तोच कपाटातला नंबर आणि रिकव्हरी ईमेल तोच याहू. फेब्रुवारीनंतर बोटीवर फोन पाण्यात पडला तर नव्या फोनवर गूगल विचारणार, ‘हे तुम्हीच का?’ आणि त्याला पटवून देण्याचे दोन्ही मार्ग बंद. म्हणजे मुख्य खातं चालू असूनही हा बाहेर. वहिनी तो कागद बघून म्हणाली, “म्हणजे रोज वापरतोस तेंच उघडचें ना?” तिने बरोबर ओळखलं.

तुम्हीही असाच कागद करा. चढण्याची तारीख, उतरण्याची तारीख, सिमचं रिचार्ज कधी संपतं ती तारीख, आणि प्रत्येक ईमेल पत्ता शेवटचा कधी उघडला ती तारीख. कॉन्ट्रॅक्ट लांबू शकतं, म्हणून उतरण्याच्या तारखेत दोन महिने जास्तच धरा.

पहिली पायरी: पत्ता अजून आपल्या हातात आहे का

जुना पत्ता घरच्या कॉम्प्युटरवर, घरच्याच वाय-फायवरून ब्राउझरमध्ये उघडा. हे निघण्याच्या आदल्या रात्री करू नका, महिनाभर आधी करा. पासवर्ड बरोबर असूनही अनोळखी ठिकाणाहून लॉगिन केलं तर कोड मागितला जातो, आणि बोटीच्या सॅटेलाइट वाय-फायवरून तुम्ही कुठल्या देशात दिसाल याचा भरवसा नाही.

उघडलं तर उत्तम. उघडलं नाही, तर आपल्याच दुसऱ्या पत्त्यावरून त्याला एक मेल पाठवा आणि परत काय येतं ते वाचा. जीमेल पत्ता अस्तित्वातच नसेल तर परत आलेल्या मेलमध्ये `550 5.1.1` असा आकडा दिसतो. खातं निष्क्रिय केलेलं असेल तर `550 5.2.1` दिसतो. याहूचा मेलबॉक्स बंद झालेला असेल तर `This mailbox is disabled` असं वाक्य येतं. `5.2.2` दिसलं तर खातं आहे, पण जागा भरली आहे. हेही तितकंच घातक, कारण ओटीपीची मेलसुद्धा आत येणार नाही. गूगलची फुकट जागा १५ जीबी, आणि ती मेल, ड्राइव्ह, फोटो या सगळ्यांना मिळून आहे. बोटीवरून फोटोंचा बॅकअप होत राहिला की ती कधी भरते ते कळत नाही.

मेल परत आली नाही म्हणजे सगळं ठीक, असं मात्र धरू नका. ती पोहोचली एवढंच कळलं. ती वाचणारे तुम्हीच आहात, हे स्वतः लॉगिन केल्याशिवाय कळणार नाही.

दुसरी पायरी: त्या पत्त्यावर काय काय टांगलेलं आहे

ही सगळ्यात वेळखाऊ पायरी. निवांत बसून करा.

जुन्या मेलबॉक्सच्या शोधपट्टीत एकेक शब्द टाकत जा: statement, verify, welcome, OTP, folio, receipt, renewal. जुना पत्ता जीमेलचा असेल तर एकदम शोधता येतं, आणि स्पॅम व ट्रॅशही त्यात येतात:

```
in:anywhere subject:(statement OR verify OR welcome OR renewal)
```

ज्याच्याकडून मेल आली आहे त्याचं नाव वहीत लिहा. मग फोनमधले सेव्ह केलेले पासवर्ड बघा. क्रोम वापरत असाल तर passwords.google.com वर यादी मिळते. जिथे युजरनेम म्हणून जुना पत्ता दिसेल ती नावंही वहीत घ्या. फेसबुकने लॉगिन केलेली अ‍ॅप्स असतील तर फेसबुकच्या सेटिंगमध्ये त्यांची यादी असते. फेसबुकच जुन्या याहूवर उघडलेलं असेल, तर ती सगळी अ‍ॅप्सही शेवटी याहूवरच उभी आहेत.

वहीतल्या प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक शेरा लिहा. तिथे फक्त मेल येते, की तो पत्ता तिथलं लॉगिन आहे, की तो रिकव्हरीसाठी दिलेला आहे. शेवटचा प्रकार सगळ्यात लपलेला असतो, कारण रिकव्हरी पत्त्यावर वर्षानुवर्षं एकही मेल येत नाही आणि शोधपट्टीला तो सापडत नाही. त्यासाठी प्रत्येक मोठ्या खात्यात आत जाऊनच बघावं लागतं. गूगलसाठी myaccount.google.com उघडा आणि सुरक्षेच्या विभागात Recovery phone आणि Recovery email बघा. याहूतही सुरक्षेच्या पानावर तसंच दिसतं.

इथे एक गाठ नेहमी सापडते: जीमेलचा रिकव्हरी पत्ता याहू आणि याहूचा रिकव्हरी पत्ता तेच जीमेल. दिसायला पक्कं, पण एक अडलं की दुसरंही अडतं. तिसरा कुणीतरी हवा. बायकोचा किंवा भावाचा रोज वापरातला पत्ता यातल्या एकाला तरी लावा.

वर्षातून एकदाच मेल पाठवणाऱ्यांकडे खास लक्ष ठेवा. विम्याच्या हप्त्याची पावती, आयकर खात्याची सूचना, एखाद्या डोमेनचं नूतनीकरण. म्हणून ‘सहा महिने या पत्त्यावर काही आलं नाही, आता सोडून देऊ’ हा हिशेब चुकतो. निदान एक पूर्ण वर्ष बघितल्याशिवाय कुठलाही पत्ता सोडू नये, असं माझं मत आहे.

तिसरी पायरी: जे हलवता येतं ते हलवा, आणि ते पत्ता चालू असतानाच

बऱ्याच ठिकाणी ईमेल बदलायला गेलं की आधी जुन्या पत्त्यावर कोड किंवा लिंक पाठवतात. जुना पत्ता बंद झाल्यावर हेच काम शाखेत जाऊन, फॉर्म भरून, सही जुळवून करावं लागतं. बोटीवरून ते कसं करणार?

क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी मुख्य जीमेलची रिकव्हरी बदला. त्यानंतर पहिले ७ दिवस गूगल जुन्या रिकव्हरी पत्त्यावर किंवा नंबरवर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं. म्हणून हे काम निघण्याच्या निदान पंधरा दिवस आधी उरका. मग बँक, आयकर पोर्टल, म्युच्युअल फंड, विमा. मग मॅनिंग एजंट आणि नोकरीशी जोडलेलं बाकीचं. समाजमाध्यमं शेवटी.

प्रत्येक बदलानंतर एकदा बाहेर पडून पुन्हा आत येऊन बघा. नवा पत्ता ‘जोडला’ गेला असेल पण जुनाच ‘मुख्य’ राहिला असेल, तर ओटीपी जुन्याकडेच जात राहतील.

काही पोर्टलांवर ईमेल हाच युजर आयडी असतो आणि तो बदलायची सोयच नसते. त्यांच्यापुढे वहीत फुली मारा. जुना पत्ता चालू ठेवायचा तो मुख्यतः यांच्यासाठी.

चौथी पायरी: चालू ठेवणं म्हणजे नेमकं काय

गूगलच्या हिशेबात मेल वाचणं किंवा पाठवणं, ड्राइव्ह वापरणं, लॉगिन असताना यूट्यूब बघणं किंवा सर्च करणं, त्या खात्याने दुसऱ्या अ‍ॅपमध्ये साइन-इन करणं, हे सगळं वापरात धरतात. मात्र हा वापर खात्यागणिक मोजतात, फोनगणिक नाही. एकाच फोनवर तीन खाती असतील आणि यूट्यूब पहिल्यावर चालत असेल, तर बाकीच्या दोघांच्या नावावर काहीच जमा होत नाही. ‘फोनमध्ये खातं आहे ना, मग चालू असणारच’ ही समजूत इथेच फसते.

फॉरवर्डिंग लावलं म्हणजे झालं, असंही समजू नका. याहूने फुकट खात्यांची ऑटो-फॉरवर्डची सोय २०२१ च्या सुरुवातीलाच बंद केली. आणि जिथे ती सोय आहे, तिथेही मेल आपोआप पुढे जाणं म्हणजे तुम्ही खातं वापरणं नव्हे. त्यामुळे भरवशाचा मार्ग एकच: ब्राउझरमध्ये पत्ता उघडायचा, एखादी मेल वाचायची, आणि त्या पत्त्यावरून स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्याला एक ओळ पाठवायची. ती पाठवलेली मेल तारखेचा पुरावा म्हणूनही उपयोगी पडते.

किती वेळा? १२ महिन्यांच्या मुदतीला वर्षातून दोनदा पुरतं. आमच्या घरी चवथीला आणि शिगम्याला असं ठरलं आहे. भाद्रपद आणि फाल्गुन, मध्ये साधारण सहा महिने. एक वेळ चुकली तरी पुढची बहुतेक वेळा मुदतीच्या आत येते, फक्त अधिक महिना असेल त्या वर्षी एकही चुकवू नका. शिवाय चवथीला घर भरलेलं असतं, कुणी ना कुणी आठवण करतंच. हे काम घरी राहणाऱ्या माणसाने घरच्या कॉम्प्युटरवरून करावं हे बरं, बोटीवरच्याने नव्हे.

‘तुमचं खातं उद्या बंद होणार, इथे दाबा’ अशा मेल येतील. त्यातल्या बहुतेक फसव्या असतात. गूगल खरोखर काढणार असेल तर आधी अनेकदा कळवतं, खात्यावरही आणि रिकव्हरी पत्त्यावरही. आली मेल तर लिंक दाबू नका. पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करा. लॉगिन झालंत की तोच वापर झाला, मग मेल खरी असो की खोटी.

पाचवी पायरी: सिम आणि छापील कोड

सिम कपाटात ठेवून जाऊ नका. वर्षभराची वैधता असलेलं रिचार्ज मारा आणि ते सिम घरातल्या एखाद्या चालू फोनमध्ये घाला. दोन सिमचा फोन असेल तर दुसऱ्या जागेत. नुसती वैधता असून भागत नाही, वापरही दिसायला हवा. तेव्हा महिन्यातून एकदा त्यावरून घरातल्याच कुणाला तरी फोन लावा. सत्तरीतल्या काही वाड्यांवर रेंज नसते. तिथे सिम नातेवाइकाच्या गावी ठेवलेलं बरं.

दुसरं, गूगलचे बॅकअप कोड. सुरक्षेच्या विभागात २-स्टेप व्हेरिफिकेशनमध्ये Backup codes मिळतात. एका वेळी १० कोड, प्रत्येक ८ आकडी, आणि प्रत्येक एकदाच चालतो. नवा संच काढला की जुना रद्द होतो, म्हणून छापल्यावर वर तारीख लिहा. एक प्रत सीडीसीच्या पाऊचमध्ये, एक घरी. याला नेटवर्क लागत नाही, सिम लागत नाही, रिकव्हरी पत्ताही लागत नाही. आतेभावाच्या कागदावरचा फेब्रुवारीनंतरचा धोका मुख्यतः यानेच मिटला.

फोटो काढून गॅलरीत ठेवू नका. फोन पाण्यात गेला की कोडही पाण्यात.

गूगलचं Inactive Account Manager: लावा, पण आकडा बघून

myaccount.google.com/inactive इथे गूगल विचारतं की तुम्ही किती काळ दिसला नाहीत तर खातं निष्क्रिय मानायचं. पर्याय ३, ६, १२ आणि १८ महिने. त्यानंतर कुणाला कळवायचं आणि कुठला डेटा द्यायचा हेही ठरवता येतं. १० जणांपर्यंत नावं देता येतात. बोटीवरच्या माणसाने बायकोचं किंवा भावाचं नाव तिथे द्यावं, असं मी सगळ्यांना सांगतो.

फक्त ३ महिन्यांचा पर्याय घेऊ नका. कुठल्यातरी आडमार्गावर मालवाहू जहाजात इंटरनेट धड नसेल तर तीन महिने सहज जातात. शेवटच्या पानावर ‘खातं काढून टाका’ अशी एक निवड असते. ती चालू करायची की नाही हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, पण नजरचुकीने चालू राहिलेली नाही ना, ते बघा. मुदत संपण्याआधी गूगल एसएमएस आणि ईमेलने इशारा देतं. त्यासाठी दिलेला नंबर घरी चालू फोनमध्ये असलेलाच असावा.

आतेभावाने १२ महिने निवडले आणि वहिनीचं नाव दिलं. याहू अजून चालू आहे. मॅनिंग एजंटच्या पोर्टलला युजर आयडी बदलता येत नाही, त्यामुळे तो ठेवावाच लागणार. वही वहिनीकडे असते. शेवटच्या पानावर तिने दोन रकाने आखले आहेत, एक चवथीचा आणि एक शिगम्याचा, आणि लॉगिन केलं की तारीख घालून सही करते.